गैरसोय आपोआप झाली

समजा, ३ तारखेला एका गृहस्थांनी एटीएममधून दहा हजार रुपये काढायला घेतले. यंत्र घरघरलं, खात्यातून रक्कम वजा झाल्याचा मेसेज आला, नोटा मात्र आल्याच नाहीत. रात्री यंत्रातली रोकड मोजली तेव्हा बरोबर दहा हजार जास्त भरले. म्हणजे चूक कुणाची, हे बँकेला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. पैसे खात्यात परत आले २६ तारखेला, सोबत एक पत्र.

पत्राचा पहिला मसुदा शाखेतल्या नवख्या कारकुनाचा होता : 'आमचं यंत्र बिघडलं होतं, पैसे द्यायला उशीर झाला, माफ करा.' विधी विभागाने तो लाल केला. 'आमचं' गेलं. 'बिघडलं'च्या जागी 'तांत्रिक कारणास्तव' आलं. माफीची दिलगिरी झाली, कारण माफी मागायची तर गुन्हा कबूल करावा लागतो. दिलगीर काय, शेजाऱ्याच्या घरी चोरी झाली तरी होता येतं. शेवटी वाक्य उरलं ते असं : 'आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' गैरसोय झाली. केली कुणीच नाही. मराठी व्याकरणाचा इतका हिशेबी वापर शाळेतसुद्धा होत नाही.

इथवर विधी विभागाला फार दोष देता येत नाही. पत्र उद्या ग्राहक आयोगापुढे ठेवलं जाईल, ही भीती खरीच असते. म्हणून 'आमच्या हक्कांना बाधा न येता' हे शब्द घालतात.

खरी मेख पुढच्या ओळीत असते : 'सदिच्छा म्हणून ५०० रुपये जमा करत आहोत.'

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम गेली आणि नोटा आल्या नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा व्हायला हवी. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. आता बोटांवर मोजून हिशेब करा. मुदत ८ तारखेला संपली, पैसे आले २६ला. उशीर अठरा दिवसांचा, देणं १८०० रुपयांचं. म्हणजे सदिच्छेने १३०० रुपये वाचवले! देण्याला भेट म्हटलं की देणेकरी एकदम दाता होतो.

पत्राला जोडून पोचपावती येते. तिच्यात बारीक अक्षरांत 'पूर्ण व अंतिम समाधान' असं छापलेलं असतं. तिथे डोळे मिटून सही केली, की उरलेले १३०० मागताना तीच सही बँक पुढे करते. ५०० घ्यावेत, पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहावं : 'उर्वरित भरपाईचा हक्क राखून स्वीकारले.' विधी विभागाचीच भाषा आहे, त्यांना चटकन कळते.

आणि बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवता येते. त्याला शुल्क नाही.