पिन विसरलेले नाना

नानांना १९७२च्या दुष्काळातला ज्वारीचा भाव पाठ आहे, पहिल्या स्कूटरचा नंबर पाठ आहे. पाठ नसतो तो फक्त यूपीआयचा पिन. भाजीवालीसमोर पावशेर मिरच्या पिशवीत पडल्या की नानांचं बोट मोबाइलवर अधांतरी थांबतं. मागे रांग वाढते.

परवा दोनदा पिन चुकला. तिसऱ्यांदा बोट उचललं तेव्हा मी हात धरला. सलग तीनदा चुकलं की बहुतेक बँका साधारण दिवसभर दार लावून घेतात. मिरच्यांचे पैसे मी दिले आणि नानांना घरी आणलं.

"अॅपवाल्यांना फोन लाव. त्यांच्याकडे असेल लिहिलेला," नाना म्हणाले.

"नाना, पिन बँकेच्या खात्याचा असतो. अॅपला तो ठाऊकच नसतो. जुना कुणी सांगत नाही, नवा करायचा. तुमचं डेबिट कार्ड आणा."

कार्ड तांदळाच्या डब्यात होतं, चोराला सापडू नये म्हणून. नानांनाही ते अर्ध्या तासाने सापडलं.

अॅपमध्ये बँकेचं खातं उघडून 'Forgot UPI PIN' दाबलं. कार्डाचे शेवटचे सहा आकडे मागितले. नानांनी पहिले सहा भरले. "सुरुवातीपासून वाचायची सवय आहे मला!" ते दुरुस्त केले, मग मुदतीचा महिना आणि वर्ष. बँकेने नकार दिला, कारण कार्डाची मुदत मागच्याच महिन्यात संपली होती.

"ते बँकेचं पाकीट आलं होतं ना?" आतून काकूंचा आवाज आला. नवं कार्ड पंचांगाखाली, न फोडलेल्या पाकिटात निघालं. एटीएमवर जाऊन ते चालू केलं, परत आलो, पुन्हा सहा आकडे. खात्याला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये होतं, म्हणून ओटीपी लगेच आला. मग बँकेने एटीएमचा पिनही विचारला. काही बँका विचारतात.

"मघाशी एटीएमवर टाकला तोच ना?"

"तोच. पण यूपीआयचा वेगळा ठेवा."

"म्हणजे विसरायला आता दोन झाले!"

शेवटी नवा पिन दोनदा टाकायचा होता. नानांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, काकूंना स्वयंपाकघरात पाठवलं, खिडकीचा पडदा ओढला. पिन बदलला. खात्री म्हणून त्यांनी मला एक रुपया पाठवला. मिरच्यांचे दहा मात्र राहिलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दाराची बेल वाजली. नाना मोबाइल घेऊन उभे.

"काय रे, काल भिंतीकडे बघताना तू जराशी तरी मान वळवली असशील ना?"