वाटाघाटीतला चाणक्य

तारखेवर घासाघीस करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, अशी माझी समजूत होती. सॉफ्टवेअरच्या धंद्यात तारीख म्हणजे सगळ्यांनी संगनमताने बोललेली थाप. तीन दिवसांच्या कामाला प्रोग्रामर पाच सांगतो, टीम लीड त्याचे सात करतो, मी ग्राहकाला छातीठोकपणे दहा सांगतो. ग्राहकही काही दुधखुळा नसतो, तो खरी तारीख पोटात ठेवून पंधरा दिवस अलीकडची सांगतो. या लपवालपवीत मी उभी हयात घालवली. आकस्मिक खर्चासाठी डब्यात पैसे दडवणाऱ्या आमच्या आजीनंतर घराण्याचं नाव मीच राखलंय. पण 2017 साली जीएसटी आला तो 1 जुलैला, म्हणजे 1 जुलैलाच. अर्थमंत्र्यांच्या पोटात पंधरा दिवस नव्हते.

दुकानांच्या बिलिंगचं काम होतं. कराचा हिशेब लिहिणारा मुलगा कंत्राटी, मुदत 31 जुलैपर्यंत. तो म्हणाला, "सर, वारीला जायचंय. 20 जूनला पुण्यातून निघायचं, 4 जुलैला एकादशी."

"अजिबात नाही," मी म्हणालो.

"कुठल्या दिवसाला नाही, सर?"

चाणक्य निरुत्तर. मग कागद घेऊन बसलो. कौन्सिल जूनमध्येही दर बदलत होतं, 11 तारखेला एका बैठकीत 66 वस्तूंचे बदलले. पण पठ्ठ्याने दर कोडमध्ये न लिहिता वेगळ्या तक्त्यात ठेवले होते, तो कोणालाही भरता आला असता. त्याच्याच डोक्यात अडकलेल्या गोष्टी दोनच: माल परराज्यात गेला तर कर कुठला लागतो, आणि व्हॅटच्या काळात विकलेला माल जुलैत परत आला तर काय करायचं. अट ठरली. टीममधल्या मुलीने ही दोन्ही कामं एकटीने करून दाखवायची, याने शेजारी हाताची घडी घालून बसायचं. पहिल्या दिवशी ती अडली, तेव्हा उत्तर तोंडी न देता त्याने लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी अडली नाही.

मंगळवार ते शुक्रवार रजा, शनिवार-रविवार हक्काचे. लोणंदपर्यंत चालून सोमवारी हजर. एकादशी मात्र मी दिली नाही. 1 जुलै शनिवारी होता, त्यामुळे दुकानदारांचे खरे फोन सोमवारी, 3 तारखेला येणार होते.

"वडिलांचे गुडघे गेलेत," तो म्हणाला. "दिंडीत त्यांच्या जागी मी चालतो." मग गप्प बसला. मीही.

एकादशीच्या बदल्यात मी उदारपणे सांगितलं, "ऑगस्टमध्ये बदली रजा घे!"

"ऑगस्टमध्ये मी कुठे असणार, सर?"

कंत्राटी माणसाला असली रजा देऊ करणारा मी एकटाच नाही, आमच्या कार्यालयाच्या छापील नियमातही ती आहे. वाचताना तेव्हा पहिल्यांदा संताप आला. वर्षानुवर्षं आम्ही लोकांना त्यांच्या मुदतीपलीकडचे दिवस वाटत होतो, आणि तेही आभार मानत होते. मी ईमेल लिहिला: बदली रजा 31 जुलैच्या आत, नाहीतर पगारात पैसे.

त्याने 27 आणि 28 जुलैला रजा घेतली.