कोरडा दिवस

निवृत्त शिक्षकाला गावात दोनच कामे सांगितली जातात, एक लग्नपत्रिकेतील शुद्धलेखन तपासण्याचे आणि दुसरे सरकारी कागदाचा अर्थ लावण्याचे. पैकी पहिल्यात निदान जेवण तरी मिळते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी नांदगाव खंडेश्वरातील माझ्या ओसरीवर दुसऱ्या प्रकारचे काम येऊन पडले. डेंग्यूविषयीचे ते परिपत्रक होते, आणि आसपासच्या खेड्यांतील सभांमध्ये वाचता येईल अशा बोलीत त्याचा तर्जुमा करून द्यावा, अशी विनंती सोबत होती. ‘डासोत्पत्तिस्थानांचे समूळ निर्मूलन’ हा समास मी तीन वेळा खड्या आवाजात म्हणून पाहिला, तेव्हा ओसरीवर निजलेले कुत्रे उठून चालते झाले. त्यावरून सभेचा अदमास यावयास हरकत नव्हती.

समास मी फोडले, विशेषणे गाळली. मात्र ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा’ या वाक्यात अवघड असा एकही शब्द नसल्यामुळे ते मी जसेच्या तसे राहू दिले, आणि नेमका तिथेच फसलो. जवळच्या एका खेड्यात, मारुतीच्या पारावर, मी ते वाक्य गंभीरपणे वाचताच मागच्या रांगेतून पृच्छा आली, “गुरुजी, दुकान कोन्या वारी बंद राहीन, ते आधीच सांगून ठेवा. आदल्या दिशी सोय करा लागते.” बायांनी या हुकमाचे टाळ्या वाजवून स्वागत केले. भांडी कोरडी करावयाची आहेत, घसे नव्हेत, हा खुलासा करण्यात माझी पंधरा मिनिटे आणि बायांची सहानुभूती दोन्ही खर्ची पडली.

त्यानंतर एक म्हातारी उठली. “नळ चार दिसाआड येते. भरला रांजन उलथून देऊ, त लेकरायले काय पाजू?” या प्रश्नाला परिपत्रकात उत्तर नव्हते, आणि माझ्यापाशीही नव्हते.

आमच्याच जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत, हे चाळीस वर्षे मी वर्गात शिकवीत आलो. स्वतः करून पाहण्याचा प्रसंग आता आला. मसुदा बाजूला ठेवून पुढच्या सभेत मी विचारले, “डास अंडी कुठं घालते?” “पान्यात!” असा एकमुखी पुकारा झाला. मी म्हणालो, “पान्यात नाही. पान्याच्या काठाले, रांजनाच्या आंगच्या भितीले चिकटवते.” साऱ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. डेंग्यूचा डास ही अंडी ओलसर भिंतीला डकवतो. भांडे नुसते उलथले तरी ती तशीच चिकटून राहतात, कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात, आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हावयास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून मुदत आठवड्याची. तेव्हा पाणी फेकण्यापेक्षा भिंत घासणे महत्त्वाचे, हे उमगताच म्हातारीचा प्रश्नही सुटला: पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे, रिकाम्या रांजणाचे अंग काथ्याने खरखरून घासावे, तो धुऊन ते धुवण जमिनीवर ओतावे, गाळलेले पाणी परत भरावे आणि तोंड कापडाने बांधावे. कूलरच्या टाकीची गत तीच, फक्त तिथले पाणी कोणी पीत नसल्याने ते खुशाल ओतून द्यावे.

अळीचा विषय निघाला तेव्हा तर मला कोण आनंद झाला. आमच्याकडे ‘अयी’ म्हटली की पऱ्हाटीवरची बोंडअळी डोळ्यांपुढे उभी राहते. अंडे, अळी, कोष, पाखरू हा क्रम शेतकऱ्याला माझ्यापेक्षा अधिक पाठ. “तशीच ही पान्यातली अयी,” असे मी म्हणालो, माना डोलल्या, आणि दृष्टांताच्या यशाने मी फुगलो असतानाच एका तरुण कास्तकाराने विचारले, “मंग रांजनात कोनतं औषध मारू?” माझ्या पाठीतून शिरशिरी गेली. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने माणसे दगावली होती, आणि मी दृष्टांताच्या वाटेने तोच फवारा पिण्याच्या पाण्यापर्यंत आणून सोडला होता! “औषध नाही, बाप्पा, काथ्या!” असे मी ओरडलो, आणि पुढच्या प्रत्येक सभेत हे वाक्य अळीचे नाव काढण्याच्या आधी म्हणू लागलो.

ही सारी दुरुस्ती लिहून मी मसुदा दफ्तरी रवाना केला. यथावकाश तो शेरा-मखलाशीसह परत आला: ‘भाषा ग्राम्य वाटते’. ‘काथ्याने घासा’ याच्या जागी ‘काथ्याच्या साहाय्याने अंतर्भागाचे घर्षण करण्यात यावे’ अशी सुधारणा होती, आणि माझे कुत्रे पुनश्च ओसरीवरून उठले.

तो कागद मी दवंडीसाठी कोतवालाच्या हाती दिला. त्याने तो आदरपूर्वक वाचला, चौघडी घालून खिशात ठेवला आणि डफावर थाप मारून गल्लीच्या तोंडाशी आरोळी ठोकली, “आइका हो आइका! येत्या सुक्करवारी रांजन आतून घासा, काथ्यानं घासा, औषध टाकू नोका हो! अन् दुकान चालूच राहीन!”