पहिला फटका घरच्यांना

परदेशी शिक्षणाचं कर्ज काढलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "रुपया घसरला तर आपलाच फायदा, मुलगा डॉलरमध्ये कमावणार आणि हप्ता रुपयांत भरणार." हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्याची किंमत आई-बाप मोजतात, आणि तीही आधी.

एक हिशेब मांडू. सांगलीच्या एका मुलीने अमेरिकेत दोन वर्षांच्या एमएसला प्रवेश घेतला असं धरा. चार सेमिस्टर, प्रत्येकी साडेबारा हजार डॉलर. एप्रिल 2022 मध्ये डॉलर साधारण 76 रुपयांना होता. बँकेने त्याच भावाने गुणाकार केला आणि 38 लाख मंजूर केले. पण बँक सगळी रक्कम एकदम देत नाही. दर सेमिस्टरला फीचं पत्र येतं आणि त्या दिवशीच्या भावाने डॉलर जातात. ऑगस्ट 2022 मध्ये भाव होता सुमारे 80, जानेवारी 2023 मध्ये 82, पुढच्या दोन्ही वेळी 83. बेरीज 41 लाखांवर गेली. कर्जाची मर्यादा मात्र 38 लाखांवरच थांबलेली. शेवटच्या सेमिस्टरचे तीन लाख बापाने मुदतठेव मोडून भरले. शिवाय हे बाजारातले भाव आहेत. बँक डॉलर विकताना त्यावर आपला वाटा चढवते, तो वेगळा.

आता पुढचा भाग. कर्ज एकदा उचललं की ते रुपयांत गोठतं. साडेदहा टक्क्यांनी, शिक्षण संपून सहा महिने होईपर्यंतचं साधं व्याज सुमारे सव्वासहा लाख होतं. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांची परतफेड धरली तर हप्ता येतो जवळपास 60 हजार. डिसेंबर 2024 मध्ये 85 च्या भावाने हा हप्ता 706 डॉलरचा होता. वर्षभराने डॉलर 90 च्या घरात गेला आणि तोच हप्ता 667 डॉलरवर आला. मुलगी तिकडे नोकरीत असेल तर तिचं ओझं खरंच हलकं झालं. ती पुण्यात परतून रुपयांत पगार घेत असेल तर 60 हजार ते 60 हजारच, आणि महाग डॉलरने मोडायला लावलेली मुदतठेव गेली ती गेलीच.

म्हणून म्हणतो, रुपयाची घसरण ही सवलत नव्हे. पदवीनंतर अमेरिकेत ओपीटीवर काम करायला एक वर्ष मिळतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी दोन. पुढे एच-1बीची सोडत. म्हणजे डॉलरचा पगार जरा विश्वासाने धरता येतो तो तीन वर्षं, आणि हप्ते आहेत दहा वर्षांचे. घसरणीचा फायदा पदरात पाडायचा असेल तर तो याच तीन वर्षांत, हप्त्याहून जास्त रक्कम पाठवून मुद्दल फेडूनच. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तेव्हा अडचण तिथे नाही.

घाबरलेले पालक आणखी एक चूक करतात. डॉलर चढतोय म्हणून पुढच्या सेमिस्टरचे पैसे आधीच उचलून पाठवतात. वर्षभर आधी उचललं तर साडेदहा टक्के व्याज नक्की, आणि रुपया मात्र बहुतेक वर्षी तीन-चार टक्केच घसरतो. 2022 सारखं वर्ष, जेव्हा जानेवारीतला 74-75 चा डॉलर ऑक्टोबरात 83 वर गेला, ते आधी कुणाला ओळखता येत नाही. त्या भीतीपोटी दरवर्षी जादा व्याज भरणं हा तोट्याचाच व्यवहार आहे.

डॉलरमधल्या कर्जाचा मोह त्याहून धोक्याचा. तिकडे पगार चालू राहिला तर ते चालतं. परत यावं लागलं तर त्याच 90 च्या भावाने रुपये गोळा करून डॉलर फेडावे लागतात, आणि भाव तिथेच थांबेल याची हमी कोण देणार?

मला राग आहे तो मंजुरीच्या पत्राचा. दोन वर्षांचा खर्च आणि त्यावर एकाच दिवसाचा भाव. हे बँकेच्या अधिकाऱ्याला कळत नाही असं नाही, पण शेवटची तूट त्याच्या खिशातून जात नाही.

सही करण्याआधी त्याला एवढंच सांगा: दुसऱ्या वर्षाची फी आजच्या नव्हे, आठ-दहा टक्के चढ्या भावाने धरा आणि मर्यादा तेवढी वाढवून द्या. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. न वापरलेली मर्यादा जड नाही. ऐन वेळी मोडावी लागणारी मुदतठेव जड आहे.