पहिला फोन

आमच्या कन्हेरीच्या मारुतीपुढे दोन प्रकारचे नारळ फुटतात. निवडणूक आली की पवारांच्या प्रचाराचा नारळ इथंच फुटतो, तेव्हा चॅनेलवाल्यांच्या गाड्यांतून वाट काढावी लागते. दुसरे नारळ शनिवारी आमची थोरली आत्या फोडते. त्यांची बातमी कुठंच येत नाही. सध्या ते माझ्या नावावर चालू आहेत. लग्नाला वर्ष व्हायचंय, पण पाळणा हलत नाही म्हणून आत्या हलली आहे.

"आत्या, मारुती ब्रह्मचारी. त्याला ह्या खात्यातलं काय सांगतेस?" मी एकदा म्हणालो.

"मग मकरध्वज कुठनं आला रं?"

रामायण ऐकत म्हातारी झालेल्या बाईशी पुराणावरून वाद घालू नये.

आत्याचा प्रश्न सरकारी नोकरासारखा बढती घेत गेला. हळद उतरायच्या आत तो "पेढे कधी?" होता. संक्रांतीला "काय विशेष?" झाला. यात्रेपर्यंत "बारामतीत एक चांगली डॉक्टरीण हाय म्हनं" या पदावर पोचला. गंमत अशी, की मला हे कुणी विचारत नव्हतं. बायको भाकरी थापत असायची, हात पिठात, तवा तापलेला, उठून जायची सोय नाही. नेमकं तेव्हाच आत्या चुलीपुढं पाट ओढायची. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, आत्या ज्याची, उत्तर त्याचं.

आता उत्तर कसं द्यायचं? घराण्यात दाखले भरपूर होते. चुलतभावानं "घराचं बांधकाम झालं की बघू" असं कारण दिलं होतं. स्लॅब पडला त्याच संध्याकाळी आत्या हजर. सेंट्रिंग निघायच्या आत तिला पेढे हवे होते. मावसभावानं "देवाच्या मनात असेल तेव्हा" म्हणून बघितलं, तर आठवड्यात अंगारा, दोन उपवास आणि एका बाबांचा पत्ता घरपोच. तिसऱ्यानं सरळ "तुला काय करायचंय?" विचारलं. प्रश्न थांबला, पण त्याबरोबर दिवाळीच्या करंज्याही थांबल्या. म्हणजे कारण दिलं की पाठपुरावा, मुदत दिली की तगादा आणि तोडून बोललं की अबोला.

शिवाय विचारणाऱ्याला दाराआडचं ठाऊक नसतं. कुणी ठरवून थांबलेलं असतं, कुणाचे उपचार चालू असतात, कुणाचं राहिलेलं नुकतंच गेलेलं असतं. एकानं आज हसून आणि उद्या गप्प राहून उत्तर दिलं, की त्या गप्प राहण्यातनंच गावाला सगळं कळतं. म्हणून उत्तर असं हवं, की यातलं काहीही खरं असलं तरी एक शब्द बदलावा लागू नये.

पुढच्या शनिवारी आत्या रुईच्या पानांची माळ ओवत बसली होती. मी शेजारी बसून पानं निवडून देऊ लागलो. प्रश्न आलाच. मी म्हणालो, "आत्या, तुझ्याएवढी काळजी कुणाला नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. सांगण्यासारखं असेल तेव्हा आईनंतर पहिला फोन तुला. धाकट्या काकूच्या आधी. पण तोवर तू विचारायचं नाहीस, आणि तिला तर नाहीच. आम्ही आपण होऊन सांगू."

आत्याचा हात माळेवर थांबला. "धाकटीच्या आधी?"

"आधी."

ओट्यावर पेपर वाचणाऱ्या मामांनी तेवढ्यात पुस्ती जोडली. "आडसाली उसालाबी सोळा-अठरा म्हैनं लागत्यात. लावलं की लगीच तोड मागतीस व्हय? आन् पवारसायबांचं बघ. सदुसष्टच्या ऑगस्टात लगीन, सुप्रियाताई एकोणसत्तरच्या जूनात. पुन्हा एका लेकीवर थांबले. पोरगा न्हाई म्हणून लोकांनी त्यांना कमी विचारलं का? कुठं काय आडलं?"

कन्हेरीत हा दाखला खोडता येत नाही. आत्यानं माळेची गाठ मारली आणि म्हणाली, "पण फोन पयला मला."

तेव्हापासून प्रश्न बंद आहे. उलट परवा हळदी-कुंकवात शेजारणीनं बायकोला "काय गोड बातमी?" विचारलं, तर आत्याच कडाडली, "तिला काय इचारती? आसंल तर आदी मला कळंल." बायकोच्या ओटीत त्या दिवशी मूठभर गहू जास्तच पडले.

अडचण एकच उरलीय. मला आता आत्याला साधा फोन करता येत नाही. काल पेंडीचा भाव विचारायला लावला, तर पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिकडून आवाज आला, "बोल! किती म्हैनं?"

मी म्हणालो, "पन्नास किलो."