तीन शिट्ट्यांचे गृहस्थ

एरवी स्वयंपाकघरात न दिसणारे हे गृहस्थ पावसाळी रविवारी दुपारी तिथे अवतरतात. स्वीट कॉर्नची कणसं कुकरात रचतात, मूठभर मीठ टाकतात आणि बोटांवर शिट्ट्या मोजतात. ‘मका आहे, शिजायला वेळ लागणारच,’ हा त्यांचा सिद्धान्त. तो खोटा नाही, फक्त दुसऱ्या मक्याचा आहे. गावरान मक्याच्या जून दाण्यात पिठूळ स्टार्च ठासून भरलेला असतो, तिथे कुकरच हवा. स्वीट कॉर्नच्या दाण्यात साखरेचा स्टार्च होण्याची क्रिया मुळातच मंदावलेली असते आणि कणीसही कोवळं तोडतात. म्हणून पाणी खळखळ उकळल्यावर सोललेलं कणीस सोडावं, पुन्हा उकळी फुटल्यापासून चार-पाच मिनिटांत काढावं. शिट्ट्या खाल्लेल्या कणसाचे दाणे ताटात येताच खळगे पडून सुरकुततात आणि साल दातांत अडकते. ‘पण कणीस शिळं असेल तर?’ प्रश्न रास्त आहे. दाण्यात नख रुतवावं. दुधाळ रस उडाला तर पाच मिनिटं पुरेत. रस न येता पिठूळ लागलं, तर आठ-दहा मिनिटं द्यावीत, मात्र गेलेली गोडी शिट्टीनेही परतत नाही.

आता ते मूठभर मीठ. कणसावरचा प्रत्येक दाणा आपल्या सालीत बंद असतो, त्यामुळे पाच मिनिटांत खारं पाणी आत फारसं शिरत नाही. कणीस अळणी लागतं, म्हणून गृहस्थ पुढच्या रविवारी दीड मूठ टाकतात. तेही सिंकमध्येच जातं.

फ्रोजन दाण्यांची गोष्ट उलटी आहे. ते बुरकुंडापासून कापलेले, म्हणजे एका बाजूने उघडे असतात आणि कारखान्यात आधीच वाफवलेले असतात. गृहस्थ त्यांनाही भांडंभर पाण्यात दोन शिट्ट्या देतात आणि गोडी उतरलेलं पिवळसर पाणी ओतून टाकतात. ‘कच्चं नको,’ ही त्यांची शंका मात्र पोकळ नाही. 2018 साली युरोपात लिस्टेरियाच्या साथीचा माग फ्रोजन मक्यापर्यंत पोचला होता. पण त्यावर उतारा म्हणजे दाणे आतपर्यंत कढत करणं, त्यांचा लगदा करणं नव्हे. वाटीभर दाणे न वितळवता दोन-तीन चमचे पाण्यात टाकून झाकावेत. चांगली वाफ आल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं ठेवावेत. मीठ आच बंद केल्यावर घालावं, कापलेल्या तोंडाला ते लगेच लागतं.

गंमत अशी की आमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा गृहस्थ स्वतःच देतात. कुकर उघडल्यावर ते लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून गरम कणसावर खसाखसा घासतात, एक घास घेतात आणि डोळे मिटून म्हणतात, ‘बघा, मीठ कसं मुरलंय!’