फोन जमा, एक सोडून

"वहिनी, आलं का हो शाळेचं पत्र? मोबाइलचं?"

"आलं ना काकू. सोमवारपासून प्रार्थनेआधी फोन बंद करायचा, नाव लिहिलेल्या पिशवीत घालून वर्गशिक्षकांकडे द्यायचा. सुटताना परत. दुसऱ्यांदा दप्तरात सापडला तर आईबापांनी जाऊन सोडवून आणायचा."

"सोडवून आणायला काय कोंडवाडा आहे? त्यापेक्षा आणूच नका म्हणायचं सरळ."

"आमची थोरली क्लास करून सातच्या एसटीनं येते. एसटी चुकली तर कळवणार कशी? आणि सरसकट बंदी बरी नाही, जमेल तिथं शाळेनं फोन जमा करून घ्यावेत, असं दिल्ली उच्च न्यायालयानंही फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटलंय."

"बरं, कारणं काय दिलीत?"

"तासाला लक्ष नसतं, हे एक. दुसरं म्हणजे मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांचे फोटो काढतात नि ग्रुपवर टाकून टिंगल करतात. ते वाचलं आणि मी गपच बसले. शिवाय इंग्लंडातल्या शाळांचा २०१५ चा एक अभ्यास दिलाय. फोनबंदीनंतर मागे पडणाऱ्या मुलांचे मार्क वाढले, हुशारांना फारसा फरक पडला नाही."

"म्हणजे फायदा आमच्या धाकट्याचाच! पण त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या पोराला म्हणे फोन चालू ठेवायला परवानगी. दंडाला बटण चिकटवलेलं असतं तो. त्याला का वेगळा न्याय?"

"अहो, त्याला टाइप वन मधुमेह आहे. ते बटण म्हणजे सेन्सर. साखरेचा आकडा ब्लूटूथनं फोनवर पाठवतं. साखर ७० च्या खाली गेली की फोन वाजतो. पण ब्लूटूथ पोचतं एका खोलीपुरतं. जमा केलेला फोन खाली ऑफिसात नि पोरगा दुसऱ्या मजल्यावर, मग आकडा पोचायचा कसा? त्याच्या आईनं डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून मुख्याध्यापकांना हेच समजावलं. आता त्याचा फोन चालू, आवाजासकट, पण बाईंच्या टेबलावर. वाजला की पंधरा ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा आकडा बघायचा."

"अगंबाई! आणि पीटीच्या तासाला? पोरगा मैदानावर, फोन टेबलावरच राहायचा."

"तेच पत्रात राहिलंय. बदली बाई आल्या तर त्यांनाही ठाऊक हवं. उद्या मी सहीबरोबर दोन ओळी लिहून देणारे, की पोरगा जाईल तिथं फोन सरांच्या हातात जावा."

"माझंही नाव घाला त्यात."

"घालते. पण काकू, पत्राची शेवटची ओळ वाचलीत का? शाळेच्या वेळेत निरोप असेल तर ऑफिसच्या लँडलाइनवर द्या, मुलाच्या फोनवर नको. रोज साडेबाराला 'डबा संपवलास का' म्हणून भर तासात फोन कोण करतं हो?"

"…दूध उतू जातंय वाटतं माझं."

"जा, जा. पण सोमवारपासून तो फोन बंद!"